भगरीच्या पिठाचा माफीनामा

समजा, एकादशीला भगरीचं पीठ खाऊन काहींना उलट्या आणि चक्कर यांचा त्रास झाल्यावर बीडमधल्या एका किराणा दुकानदाराने फलक लावला: "काही ग्राहकांना त्रास झाल्याचे समजले. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आमचा माल नेहमीच दर्जेदार असतो." उलट्या आणि चक्कर ही काय गैरसोय झाली? आणि ज्यांच्या डब्यात ते पीठ अजून आहे, त्यांनी काय करायचं?

मराठवाड्यात उपवासाच्या भगरीतून विषबाधा झाल्याचे प्रकार घडलेले आहेत. दमट जागी ठेवलेल्या भगरीला बुरशी लागते. तिचं विष शिजवून जाईलच असं नाही. म्हणून फलकावर आधी सूचना हवी, मग माफी:

"सोमवार-मंगळवारी आमच्याकडून घेतलेलं सुटं भगरीचं पीठ खाऊ नका. परत आणा, पैसे देऊ. त्रास होत असल्यास लगेच डॉक्टरांकडे जा. विक्री बंद केली आहे. अन्न व औषध प्रशासनाला कळवलं आहे. हे पीठ आम्ही विकलं, त्याबद्दल माफी मागतो. नेमकं कारण तपासणीनंतर इथेच लिहू."

विकल्याची जबाबदारी आजच घेता येते, कारण मात्र अहवालाआधी सांगता येत नाही. उरलेला माल फेकू नये, नमुन्यासाठी वेगळा ठेवावा. घाऊक व्यापाऱ्याचं नाव फलकावर नको. ते खरेदीच्या बिलासह अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला द्यावं.