कॉलची वेळ बदलून मागताना

भारतातले घड्याळ वर्षभर एकाच चालीने चालते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मात्र ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे केले जाते. त्यामुळे शिकागो उन्हाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेअकरा.

कोल्हापुरातल्या एखाद्या फाउंड्रीचा शिकागोच्या भागीदार कंपनीशी दर बुधवारी तिथल्या सकाळी साडेआठला कॉल ठरलेला आहे असे धरू. उन्हाळ्यात तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळचे सात वाजतात. १ नोव्हेंबर २०२६ रोजी शिकागोचे घड्याळ मागे गेले की ४ नोव्हेंबरचा कॉल रात्री आठला येतो. नेमकी तेव्हाच पाळी बदलत असेल, तर कॉलवर हवा असलेला सुपरवायझर कामावर अडकतो.

वेळ बदलून मागण्याआधी कॅलेंडरमधले आमंत्रण कोणत्या शहराच्या वेळेवर बांधले आहे ते पाहावे. दर आठवड्याचे आमंत्रण शिकागोच्या वेळेवर असेल तर कोल्हापुरातली वेळ सरकते. भारतीय वेळेवर असेल तर शिकागोतली सरकते आणि तक्रार तिकडून येते.

दोन्हीकडच्या नेहमीच्या कचेरीच्या वेळा एकमेकींत बसतच नाहीत. हिवाळ्यात कोल्हापुरात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा शिकागोत सकाळचे साडेसहा असतात. म्हणजे कुणाला तरी लवकर यावे लागणार किंवा उशिरा थांबावे लागणार. म्हणून पर्याय देताना एकात समोरच्याची आणि दुसऱ्यात आपली अडचण जास्त असावी. मेलचा मजकूर साधारण असा असतो:

‘शिकागोचे घड्याळ बदलल्यामुळे बुधवार, ४ नोव्हेंबरचा कॉल आमच्याकडे रात्री ८ वाजता येतो. त्या वेळी पाळी बदलत असल्याने सुपरवायझर येऊ शकणार नाहीत. पुढीलपैकी कोणती वेळ चालेल?

१) शिकागो: बुधवार, ४ नोव्हेंबर, सकाळी ७.३०, कोल्हापूर: बुधवार, ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००.

२) शिकागो: मंगळवार, ३ नोव्हेंबर, रात्री ८.००, कोल्हापूर: बुधवार, ४ नोव्हेंबर, सकाळी ७.३०.

सोमवारपर्यंत कळवल्यास नवे आमंत्रण पाठवतो. दोन्ही वेळा गैरसोयीच्या असतील तर आपली वेळ सुचवावी.’

दुसऱ्या पर्यायात शिकागोत मंगळवार आणि कोल्हापुरात बुधवार आहे. वार फक्त एकाच बाजूचा लिहिला तर एक पक्ष कॉलवर येतो आणि दुसरा दुसऱ्या दिवशी. महिना आकड्यात लिहिला तरी घोटाळा होतो, कारण ४/११ ही तारीख अमेरिकेत ११ एप्रिल अशी वाचली जाते. वेळेची आद्याक्षरेही फसवी असतात. IST भारताप्रमाणे इस्रायलच्या वेळेसाठी, तसेच आयर्लंडच्या उन्हाळी वेळेसाठीही वापरतात. CST शिकागोप्रमाणे चीनच्या वेळेलाही म्हणतात. म्हणून शहराचे नाव लिहिणे बरे.

होकार आला की जुने आमंत्रण रद्द करून नवे पाठवावे. बदल एकाच आठवड्यापुरता आहे की मार्चपर्यंतचा, हेही त्यातच लिहावे. १४ मार्च २०२७ रोजी शिकागोचे घड्याळ पुन्हा पुढे जाईल आणि सकाळी साडेआठचा कॉल कोल्हापुरात पुन्हा संध्याकाळी सातला येईल.