वायसर बदलण्याआधी

आयटीआयच्या प्लंबर वर्गात गळका नळ समोर आला की पोरांचा हात आधी पान्याकडे जातो. सर तो अडवतात. आधी कॉक बंद, मग नळ उघडून पाइपातलं पाणी पूर्ण उतरू द्यायचं. नाहीतर वरचा भाग सुटताच फवारा उडतो. गिझरच्या नळाला गिझरही बंद करून थंड होऊ द्यायचा. डोळ्यांवर चष्मा, फरशी कोरडी.

स्पिंडल निघाला की खालचं रबरी वायसर दिसतं, मधोमध गोल चर पडलेलं. त्याच मापाचं नवं बसवायचं. तरीही थेंब पडला, तर बोट आतल्या बैठकीवर फिरवा: खडबडीत लागली, तर दोष वायसरचा नाही.