मुखपृष्ठावरच्या दोन ओळी

समजा, एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात उभी हयात घालवलेल्या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिलंय. पीएफचं पासबुक कसं वाचायचं, ग्रॅच्युइटी किती बसते, निवृत्तीच्या दिवशी हातात आलेली रक्कम कुठे ठेवायची आणि त्यातून दरमहा किती काढायचे, हे सगळं दोनशे पानांत, अगदी घरगुती भाषेत. हस्तलिखितावर नाव घातलंय ‘निवृत्ती नियोजन’. प्रकाशक ते वाचतो आणि म्हणतो, “पुस्तक उत्तम आहे, पण हे नाव नव्हे, हा विषय झाला.”

प्रकाशकाचं खरं आहे. दुकानात हे पुस्तक ज्या फळीवर लागणार, त्या फळीवरच्या प्रत्येक पुस्तकाचा विषय तोच असतो. नावाने त्याहून पुढचं काहीतरी सांगायला हवं. मग सुरू होतो तो नावांचा पाऊस: ‘सुखाची साठी’, ‘पेन्शनची चिंता सोडा’, ‘निवृत्त व्हा श्रीमंतीत’, ‘दुसरी इनिंग’. ऐकायला सगळीच बरी वाटतात. यातलं एकेक नाव पुस्तकातल्या मजकुराशी ताडून पाहिलं की मात्र गडबड कळते.

‘पेन्शन’पासूनच सुरुवात करू. शब्द ओळखीचा आहे, पटकन खेचून घेणारा आहे. पण खेचून घेतो कुणाला? महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सरकारी सेवेत लागलेल्या माणसासाठी पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराशी बांधलेली, महागाई भत्त्यासह वाढत जाणारी रक्कम. त्यानंतर लागलेल्यांसाठी पेन्शन म्हणजे आंदोलनाचा विषय. मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते. खासगी कंपनीतल्या माणसाची पेन्शन आणखी वेगळी. कंपनी पीएफसाठी जो वाटा भरते, त्यातून पगाराच्या 8.33 टक्के रक्कम कर्मचारी पेन्शन योजनेत जाते. 2014 मध्ये ठरलेली 15,000 रुपयांची वेतनमर्यादा धरून 35 वर्षांच्या नोकरीचा हिशोब केला, तरी सूत्रानुसार महिन्याला 7,500 रुपये येतात. आपल्या लेखकाचं पुस्तक आहे ते या तिसऱ्या माणसासाठी. मुखपृष्ठावर ‘पेन्शन’ दिसलं तर पहिला माणूस पुस्तक विकत घेईल आणि आत त्याच्या कामाचं काही नाही म्हणून वैतागेल. ज्याच्यासाठी ते लिहिलं तो मात्र “आपल्याला कुठली पेन्शन?” असं म्हणत पुढे जाईल.

‘साठी’चंही तेच. केंद्र सरकारच्या सेवेत निवृत्तीचं वय सर्वसाधारणपणे 60 आहे, पण महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात. खासगी क्षेत्रातल्या कर्मचारी पेन्शन योजनेतही पूर्ण पेन्शनचं वय 58 च आहे. शिवाय पुस्तकातला सगळ्यात उपयोगी भाग पंचेचाळिशीत वाचायचा आहे, जेव्हा चूक दुरुस्त करायला वेळ हातात असतो. पंचेचाळिशीचा माणूस ‘साठी’ असं लिहिलेलं पुस्तक स्वतःसाठी उचलत नाही. वडिलांसाठी उचलेल कदाचित.

राहिला ‘श्रीमंत’. पैशांच्या पुस्तकांत हा शब्द फार चालतो. पी. व्ही. सुब्रमण्यम यांच्या एका इंग्रजी पुस्तकाचं नाव आहे ‘रिटायर रिच: इन्व्हेस्ट 40 रुपीज अ डे’. नाव म्हणून त्याची ताकद मान्य करायलाच हवी. चाळीस रुपये म्हणजे किती हे प्रत्येकाला कळतं, ते रोज बाजूला ठेवता येतील असं वाटतं आणि आकडा डोक्यात बसतो. आत लेखकाने कायकाय अटी सांगितल्यात तो भाग वेगळा. इथे फक्त अशा आकड्याचं काय होतं ते पाहू. रोजचे 40 म्हणजे महिन्याचे 1,200 रुपये. वर्षाला सरासरी 12 टक्के परतावा मिळाला असं धरलं, तर तिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याकडे साठीला सुमारे 42 लाख जमतात. चाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर सुमारे 12 लाख. महागाई 6 टक्के धरली, तर वीस वर्षांनंतरच्या त्या 12 लाखांची किंमत आजच्या पावणेचार लाखांएवढी. नाव तेच, आकडा तोच, पण वाचकाचं वय बदललं की आश्वासनाचा अर्थच बदलतो.

आपल्या लेखकाला कुणी ‘निवृत्तीला एक कोटी’ असं नाव सुचवलं, तर त्यालाही हीच अडचण आहे. वीस वर्षांनी त्या कोटीची खरेदीची ताकद आजच्या एकतीस लाखांच्या आसपास राहील. शेवटी सगळी मदार असते घरखर्चावर. महिन्याला 40,000 लागणाऱ्या घराला आणि 90,000 लागणाऱ्या घराला एकच आकडा कसा पुरणार? पुस्तकाचं तिसरं प्रकरण जे शिकवतं, ते मुखपृष्ठच खोडून काढत असेल, तर चोखंदळ वाचक तिसऱ्या प्रकरणापाशी थांबतो.

नावाने विक्री किती फिरते, याचं जुनं आणि गमतीदार उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅन्सस राज्यातल्या जिरार्ड गावी इमॅन्युएल हाल्डेमन-ज्युलियस नावाचा प्रकाशक पाच सेंटला एक अशी छोटी निळी पुस्तकं विकायचा. जे पुस्तक वर्षाला दहा हजारांचा पल्ला गाठत नसे, त्याची रवानगी तो आपल्या कचेरीतल्या ‘हॉस्पिटल’मध्ये करायचा. तिथला मुख्य उपचार म्हणजे नाव बदलणं. गोतिए या फ्रेंच लेखकाची ‘सोनेरी लोकर’ अशा अर्थाच्या नावाची कथा 1925 साली सहा हजार खपली. पुढच्या वर्षी तिला ‘सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध’ अशा अर्थाचं नाव दिल्यावर खप पन्नास हजारांवर गेला. आतला मजकूर तोच होता. हे सगळं त्याने 1928 च्या आपल्या पुस्तकात न संकोचता सांगितलं आहे. कथेच्या बाबतीत हे खपून जातं, कारण वाचक फार तर पाच सेंटला फसतो. निवृत्तीच्या पुस्तकाचा वाचक मात्र त्यावर विसंबून पीएफ काढायचा की ठेवायचा हे ठरवणार असतो.

तेव्हा कामाची वाटणी करावी लागते. मुख्य नावाने वाचकाला आपली परिस्थिती दाखवावी आणि तेवढ्यावर थांबावं. पुस्तक कुणासाठी आहे आणि कुठला प्रश्न सोडवतं, हे उपशीर्षकाने सांगावं. मोनिका हालन यांचं 2018 चं ‘लेट्स टॉक मनी’ असंच बेतलेलं आहे: नाव गप्पांचं आमंत्रण देतं आणि कष्टाने मिळवलेल्या पैशाला कामाला लावण्याची गोष्ट खालच्या ओळीत येते. म्हणूनच उपशीर्षक आधी लिहिणं सोयीचं पडतं. पुस्तक नक्की काय करतं ते एकदा कागदावर आलं, की नावाला मोकळं राहता येतं.

आपल्या लेखकाचा पहिला प्रयत्न होता, ‘निवृत्ती नियोजनाची संपूर्ण मार्गदर्शिका’. यातला ‘संपूर्ण’ खोटा आहे. करांचे आणि योजनांचे नियम सतत बदलतात आणि सरकारी कर्मचाऱ्यांविषयी पुस्तकात एक प्रकरणही नाही. दुसरा प्रयत्न: ‘खासगी क्षेत्रातील वेतनधारकांसाठी भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, उपदान, आरोग्य विमा व इच्छापत्र यांविषयी सोप्या भाषेत माहिती’. ही तर अनुक्रमणिकाच झाली. आणि ज्या ओळीत ‘उपदान’ आहे, तिनेच ‘सोप्या भाषेत’ म्हणावं हा विनोद आहे. ग्रॅच्युइटीला कारखान्यात कुणी उपदान म्हणत नाही. भाषा सोपी आहे हे मुखपृष्ठावर जाहीर करायची गरजच नसते, त्या ओळीवरून ते दिसतंच. तिसऱ्या खेपेला ओळ जमली: ‘खासगी नोकरदारांनी पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बचतीतून दरमहाचा खर्च कसा भागवायचा’. कोणासाठी, कशातून, कशासाठी, हे सगळं तीत आलं. आरोग्य विमा आणि इच्छापत्र मागच्या कव्हरवर गेले. त्यानंतर वर नाव आलं, ‘पगार थांबल्यावर’. त्यात वय नाही, आकडा नाही, आणि पंचेचाळिशीच्या माणसालाही ते आपलं वाटतं.

हे नाव चालेल की नाही हे घरच्यांना विचारून कळत नाही. “कसं वाटतं?” या प्रश्नाला आपल्याकडे “छान आहे” हेच उत्तर मिळतं. टिमथी फेरिस या अमेरिकन लेखकाने 2007 च्या ‘द फोर-अवर वर्कवीक’साठी वेगळा मार्ग धरला. गूगलवर अनेक पर्यायी नावं आणि उपशीर्षकं छोट्या जाहिरातींच्या रूपात टाकली आणि लोक कशावर जास्त टिचकी मारतात ते पाहिलं. त्याच्याच सांगण्यानुसार खर्च दोनशे डॉलरच्या आत आला. मराठी प्रकाशकाला तेवढंही करावं लागणार नाही. कव्हरचा छापील नमुना कंपनीच्या कँटीनमध्ये एखाद्यासमोर पाच सेकंद धरायचा, पालथा घालायचा आणि विचारायचं, “आत काय असेल? आणि हे कुणी वाचावं?”

“नोकरी गेलेल्यांसाठी दिसतंय. मंदीबिंदी,” असं एकाने म्हटलं तर सोडून द्यावं. तिघाचौघांनी म्हटलं, तर नावात खोट आहे. ‘पगार थांबल्यावर’ला हा धोका खरोखरच आहे, कारण पगार नोकरी सुटल्यावरही थांबतो. मग उपशीर्षकाच्या सुरुवातीला ‘निवृत्तीनंतर’ घालावं लागतं. त्याचा आणखी एक फायदा आहे. ऑनलाइन दुकानात शोधणारा माणूस ‘निवृत्ती’ किंवा ‘रिटायरमेंट’ टाइप करतो आणि मुख्य नावात हा शब्द नसेल तर तो उपशीर्षकात असावाच लागतो. तीच ओळ मोबाइलवर नखाएवढ्या चित्रातही पाहून घ्यावी. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. दोन ओळींत अंतर कमी पडलं की ‘ग्रॅच्युइटी’चा नुसता ठिपका होतो.

नाव आधीच कुणी वापरलंय का, हेही पाहायला हवं. नुसत्या नावावर कॉपीराइट मिळत नाही. ‘देसी बॉइज’ या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हे स्पष्ट केलं. म्हणजे त्याच नावाचं दुसरं पुस्तक निघालं तर कॉपीराइटच्या जोरावर ते अडवता येत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या काउंटरवर मात्र घोटाळा होतो: गिऱ्हाईक एक मागतं आणि हातात दुसरंच पडतं.

‘2026-27 च्या नियमांसह’ असं उपशीर्षकात घालण्याचा मोहही अनेकांना होतो. ती ओळ पुढच्या एप्रिलमध्ये शिळी होते आणि उरलेल्या प्रती दुकानदार परत पाठवतो. वर्ष सांगायचंच तर कव्हरवर वेगळी पट्टी लावावी. उपशीर्षक हा पुस्तकाच्या नोंदीचाच भाग असतो. ते बदललं की नियमाप्रमाणे नवा आयएसबीएन घ्यावा लागतो. भारतात तो राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, पण वितरकाच्या यादीत पुस्तक नव्याने चढवावं लागतं. म्हणून छपाईला जाण्याआधी कव्हर, आतलं शीर्षकपान आणि आयएसबीएनचा अर्ज शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडावं. एकीकडे ‘नोकरदारांनी’ आणि दुसरीकडे ‘नोकरदारांसाठी’ राहिलं, तर एकाच पुस्तकाची दोन उपशीर्षकं होतात, आणि ग्रंथालयाच्या नोंदीत एक तर दुकानाच्या यादीत दुसरंच येतं.