बाप्पा, पुढच्या वर्षी नक्की कधी?

फोटोत पाटावर बाप्पा आहेत. उत्तरपूजा झाली आहे, मुकुटावर अक्षता अडकल्यात आणि शेजारच्या वाटीत वाटेच्या शिदोरीचे दहीपोहे. बाबांनी पाट जरासा हलवला आणि नेमका तेव्हाच हा फोटो निघाला. पाट हलला की देव निघाले, मग धाकट्याचा ओठ थरथरायला लागतो. अशा फोटोखाली काय लिहायचं? घरोघरी एकच ओळ ठरलेली असते: ‘पुढच्या वर्षी लवकर या!’

बाप्पा ऐकतात का आपलं? भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघू या.

२०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये तर २७ ऑगस्टलाच. म्हणजे ऐकतात की! पण २०२६ ची तारीख आहे १४ सप्टेंबर. अठरा दिवस उशीर! आदल्या वर्षी आपण काय कमी जोरात ओरडलो होतो?

यात बाप्पांची काहीच चूक नाही. ते दरवर्षी भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच येतात, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. ही तिथी ठरते चंद्रावरून आणि आपलं कॅलेंडर चालतं सूर्यावरून. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने झाले की होतात ३५४ दिवस. कॅलेंडरचं वर्ष मात्र ३६५ दिवसांचं. वरचे अकरा दिवस चंद्र वाचवतो, म्हणून बाप्पा साधारण अकरा दिवस आधी येतात.

हे असंच चालू राहिलं असतं तर? सोळा वर्षांत बाप्पा जवळजवळ सहा महिने मागे सरकले असते आणि थेट मार्चमध्ये आले असते. मार्चमध्ये हिरव्यागार दूर्वा कुठून आणायच्या? गोव्यात आणि तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. तिच्यात कांगणी, कवंडळं, तवशी असं पावसाळ्यात रानात आणि परसात येणारं सगळं टांगलेलं असतं. मार्चमध्ये ती माटोळी ओकीबोकीच राहिली असती. रमजानचा महिना असाच सरकत जातो. इस्लामी कॅलेंडर निव्वळ चंद्राचं आहे, त्यामुळे ईद साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते.

आपल्या पंचांगाने यावर एक युक्ती काढली. साठत आलेले अकरा-अकरा दिवस महिनाभराचे झाले की एक जादा महिना घालायचा. तोच अधिक महिना. पण तो कुठे घालायचा, हे कुणी मनाने ठरवत नाही. सूर्य साधारण महिन्याने एका राशीतून पुढच्या राशीत जातो, त्याला संक्रांत म्हणतात. (जानेवारीतली तिळगुळाची ही त्यातली फक्त एक, बाकीच्या अकरांना कुणी विचारत नाही!) ज्या चांद्रमहिन्यात एकही संक्रांत येत नाही, तो अधिक.

२०२६ चंच बघा. १५ मेला सूर्य वृषभ राशीत गेला. १६ मेच्या रात्री अमावास्या संपली आणि नवा चांद्रमहिना सुरू झाला. तो संपला १५ जूनच्या सकाळी, आणि सूर्य मिथुन राशीत गेला त्यानंतर काही तासांनी. संक्रांत थोडक्यात हुकली! झाला अधिक ज्येष्ठ. भाद्रपद महिनाभर पुढे ढकलला गेला आणि २०२५ च्या चतुर्थीपासून २०२६ च्या चतुर्थीपर्यंत तब्बल ३८३ दिवस वाट बघावी लागली.

अधिक महिना भाद्रपदाच्या नंतर आला, तर त्या वर्षी बाप्पांना काहीच फरक पडत नाही. २०२० मध्ये असंच झालं. गणपती २२ ऑगस्टलाच आले, मग अधिक आश्विन लागला आणि ताटकळत राहिली ती नवरात्रातली देवी. बाप्पांचा उशीर दिसला पुढच्या वर्षी, तेव्हा चतुर्थी १० सप्टेंबरला गेली.

तेव्हा विसर्जनाच्या दिवशी नुसतं ओरडू नका, या आणि पुढच्या वर्षीच्या पंचांगात या भाद्रपदापासून पुढच्या भाद्रपदापर्यंत अधिक महिना दिसतोय का ते बघा. नसेल तर बिनधास्त फोटोखाली ‘लवकर या’ लिहा. २०२७ साली तसंच आहे, चतुर्थी ४ सप्टेंबरला. रडणाऱ्या धाकट्याला सांगा, या खेपेला ३५५ दिवसच.

आणि एक गंमत. १९ वर्षांत २३५ चांद्रमहिने जवळजवळ नेमके बसतात. म्हणून २००६ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि २०२५ चीही. कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण जोडी जमते. घरात १९ वर्षांपूर्वीचा गणपतीचा फोटो असेल तर त्याच्या मागची तारीख बघा. आणि तुमच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला आजीला तिथी विचारा. तुम्ही जन्मलात त्या दिवशी जी होती, तीच किंवा तिच्या शेजारची निघेल.