खोली बदलली, टिपण तेच राहिले

समजा, पुण्यातल्या एका हॉटेलात मोठ्या कंपनीचे अध्यक्ष सकाळी सातला पोहोचणार आहेत. चेक-इन दुपारी दोनचे. म्हणून खोली आदल्या रात्रीपासूनच ब्लॉक करावी लागते. त्याच दुपारी फ्रंट ऑफिसकडून हाउसकीपिंगला एक पानी टिपण जाते.

‘उत्तम व्यवस्था ठेवावी’ हे वाक्य त्यात कुणाच्याच कामाचे नसते. मागच्या मुक्कामाच्या नोंदीवरून नेमके लिहावे: पाहुण्यांना पिसांची ॲलर्जी, फोमच्या दोन उशा ठेवा. उशा बदलल्या जातात, पण दुलईतही पिसे असतात आणि तीच हमखास विसरली जाते. म्हणून दुलईचा उल्लेख वेगळा हवा.

स्वागताला ‘मॅनेजमेंट’ असे लिहिले, तर दारात कुणीच नसते. सकाळी सातला ड्यूटीवर असलेल्या एकाच मॅनेजरचे नाव आणि त्याच्या जागी कोण, हे लिहावे. रजिस्ट्रेशन कार्ड आधीच भरून ठेवले, तर ओळखपत्र आणि सही खोलीतच घेता येते.

खरा घोटाळा संध्याकाळी होतो. ७१२ चा एसी बिघडतो, फ्रंट ऑफिस कॉम्प्युटरवर ७०९ करते, पण मजल्यावरच्या पॅन्ट्रीत जुनेच टिपण लटकत असते. उशा ७१२ मध्ये, पाहुणे ७०९ मध्ये! म्हणून नव्या टिपणावर वेळ टाकून जुने परत घ्यावे; आणि पाहुणे येण्याच्या तासभर आधी सुपरवायझरने त्या खोलीतूनच रिसेप्शनला फोन करून नंबर पडताळावा.