वीस हजार युरोंचे रुपये किती?

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत ओतकाम करणारा एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणू. पंपाची बिडाची केसिंग ओतायची, यंत्रावर घासूनपुसून मापात आणायची आणि पुण्यातल्या पंपवाल्यांना द्यायची, हे त्याचे वर्षानुवर्षांचे काम. एक दिवस जर्मनीहून ४०० केसिंगची मागणी येते. नग ५० युरोला, म्हणजे एकूण २०,००० युरो. ईआरपी आधीपासून आहेच, पुण्याची बिले त्यातूनच निघतात. मग जर्मनीचे निघायला काय अडचण? ग्राहकाच्या नावापुढे चलन ‘युरो’ निवडले की झाले, असे मालकांना वाटते. हिशेबनीसांना तसे वाटत नाही. कारण पुढच्या चार महिन्यांत या वीस हजार युरोंचे रुपये किती, या प्रश्नाला चार निरनिराळी उत्तरे मिळणार आहेत आणि चारही बरोबर असणार आहेत.

सुरुवात प्रोफॉर्मा इन्व्हॉइसने होते. नावात इन्व्हॉइस असले तरी हे बिल नव्हे. काय माल, किती, कोणत्या चलनात, कोणत्या अटीवर, पैसे कसे आणि भाव कधीपर्यंत टिकेल, हे सांगणारा तो प्रस्ताव असतो. खरेदीदार तो आपल्या बँकेत दाखवून अॅडव्हान्स पाठवतो. त्यामुळे ईआरपीत तो सेल्स ऑर्डरवरून नुसता छापून काढायचा, त्याची खात्यात नोंद पडता कामा नये. नवखे लोक हमखास इथेच घसरतात. छापील नमुना सारखाच दिसतो म्हणून ते सरळ विक्रीचे इन्व्हॉइस बनवून वर ‘प्रोफॉर्मा’ लिहितात. मग अजून न ओतलेल्या मालाची विक्री लेजरला चढते, जीएसटीच्या विवरणात जाते, आणि महिन्याभराने खरे इन्व्हॉइस निघाले की तोच माल दोनदा विकलेला दिसतो.

आपल्या प्रोफॉर्मावर अट आहे ‘सीएफआर हॅम्बुर्ग, इन्कोटर्म्स २०२०’. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ साली व्यापारातल्या या अटी पहिल्यांदा एकत्र छापल्या. २०२० च्या आवृत्तीत त्या अकरा आहेत. सीएफआर म्हणजे हॅम्बुर्गपर्यंतचे जहाजभाडे विकणाऱ्याने भरायचे. यावरून हॅम्बुर्गला पोचेपर्यंत माल आपल्याच जोखमीवर असतो असे कुणालाही वाटेल, पण तसे नाही. माल न्हावा शेवाला जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. भाडे हॅम्बुर्गपर्यंत आपले, समुद्रातले वादळ मात्र त्याचे. विमा हवा तर तोही त्यानेच काढायचा. उलट शिरोली ते न्हावा शेवा या रस्त्यावर आणि बंदराच्या आवारात माल पडून असेल तितके दिवस जोखीम आपली, आणि नेमका तेवढ्याच टप्प्याचा विमा काढायचे राहून जाते. (कंटेनरचा माल जहाज लागण्याआधीच टर्मिनलवर सोपवावा लागतो, म्हणून कंटेनरसाठी सीएफआर किंवा एफओबी न वापरता सीपीटी किंवा एफसीए वापरा, असे चेंबरचेच सांगणे आहे. बाजार ते फारसे ऐकत नाही.)

ही तीन अक्षरे ईआरपीत दोन ठिकाणी बोलतात. पहिले ठिकाण भाव. वीस हजारांत १,२०० युरो जहाजभाडे धरले आहे, म्हणजे मालाची एफओबी किंमत १८,८००. भाडे वेगळ्या ओळीत न मांडता नगाच्या भावात मुरवून टाकले तर ही फोड नंतर सापडत नाही. कस्टमच्या शिपिंग बिलात एफओबी किंमत वेगळी द्यावी लागते आणि ड्यूटी ड्रॉबॅक तिच्यावरच मोजला जातो. शिवाय माल तयार होईपर्यंत जहाज कंपनीने १,९०० युरो मागितले, तर ७०० युरो आपल्या खिशातून गेले हे कुठेतरी दिसले पाहिजे. भाव किती दिवस टिकेल ही प्रोफॉर्मावरची ओळ त्यासाठीच असते.

दुसरे ठिकाण तारीख. ट्रक १६ मार्चला कारखान्यातून निघाला, त्याच दिवशी जीएसटीचे इन्व्हॉइस झाले. जहाजावर माल चढला २६ मार्चला. ताळेबंदाच्या दृष्टीने विक्री झाली ती जोखीम सुटली तेव्हा, म्हणजे २६ तारखेला. दोन्ही तारखा मार्चमधल्याच, म्हणून निभावले. जहाज लांबून ३ एप्रिल उजाडला असता तर माल ३१ मार्चला आपलाच ठरला असता आणि विक्री पुढच्या वर्षात गेली असती. म्हणून जाणकार माणूस ईआरपीत ‘वाटेवरचा माल’ असे एक गोदाम उघडून ठेवतो. ट्रक निघाला की साठा कारखान्यातून त्या गोदामात जातो आणि बिल ऑफ लेडिंगवरची ‘जहाजावर चढवला’ ही तारीख हाती आली की तिथून बाहेर पडतो. अट डीएपी असती, म्हणजे थेट खरेदीदाराच्या दारापर्यंत, तर माल कितीतरी आठवडे त्या गोदामात राहिला असता.

आता कागद. कमर्शियल इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग आणि मूळदेशाचा दाखला. यातले पहिले दोन ईआरपीतून निघतात, बाकीचे कस्टम, जहाज कंपनी आणि चेंबरकडून येतात, पण तेही आपल्याच आकड्यांवरून भरलेले असतात. केसिंग २५ किलोचे, चारशेंचे निव्वळ वजन १०,००० किलो. प्रत्येकी वीस नगांच्या वीस लाकडी पेट्या, रिकामी पेटी ३० किलोची, म्हणून एकूण वजन १०,६०० किलो. आयटम मास्टरमध्ये नगाचे वजन आणि पेटीचे वजन भरलेले असेल तर हा आकडा आपोआप सगळीकडे सारखा उतरतो. नसेल तर पॅकिंगवाला वहीतून सांगतो, कारकून एक्सेलमध्ये टंकतो आणि १०,६०० चे १०,०६० होतात. पुण्याच्या गिऱ्हाईकाने तिकडे पाहिलेही नसते. इथे मात्र बंदरावर वजन जुळत नाही म्हणून कंटेनर अडतो, आणि सौदा लेटर ऑफ क्रेडिटवर असेल तर कागद एकमेकांशी विसंगत म्हणून बँक पैसे थांबवते.

बिल ऑफ लेडिंगची गोष्ट निराळी. तो मालाच्या ताब्याचा कागद आहे. आपल्या सौद्यात ३० टक्के, म्हणजे ६,००० युरो आधी आणि उरलेले १४,००० बिल ऑफ लेडिंगची स्कॅन प्रत पाहून द्यायचे आहेत. स्कॅन पाहून माल निघाल्याची खात्री होते, पण हॅम्बुर्गला कंटेनर सोडवता येत नाही. त्यासाठी मूळ कागद लागतो आणि पैसे येईपर्यंत तो आपल्या तिजोरीत असतो. खरेदीदार जुना, मैत्रीचा असला की मालक तो आधीच कुरियरने पाठवून मोकळे होतात. त्यानंतर हाती उरते ती मैत्री.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दर हिशेबाला सोपे धरले आहेत. जानेवारीत ६,००० युरो अॅडव्हान्स आला, बँकेने ९८ रुपयांनी ५,८८,००० जमा केले. मार्चमध्ये इन्व्हॉइस बनले ते कस्टमने निर्यातीसाठी जाहीर केलेल्या १०० रुपये दराने, म्हणजे २० लाख. जीएसटीला मालाच्या निर्यातीसाठी हाच दर लागतो. बाजारात त्या दिवशी युरो कितीही असो. इथे अॅडव्हान्स वळता करताना ईआरपी ६,००० युरोंवर दोन रुपयांप्रमाणे १२,००० चा विनिमय तोटा दाखवते. मालक दचकतात. खरे तर खिशातून काहीच गेलेले नाही. अॅडव्हान्सएवढ्या विक्रीला अॅडव्हान्सचाच दर लावला तर हा तोटा उगवतच नाही आणि लेखापरीक्षकालाही तेच पटते. मात्र तशी सोय ईआरपीत आहे का, ते घेण्याआधी विचारावे.

येणे राहिले १४,००० युरो, वहीत १४ लाख. ३१ मार्चला युरो १०१ झाला, तर त्या दिवशीच्या दराने येणे १४,१४,००० दाखवावे लागते आणि १४,००० नफा दिसतो, तोही अजून हाती न आलेला. एप्रिलमध्ये पैसे येतात, ते १३,९७५ युरो. मधल्या परदेशी बँकेने २५ युरो कापले. आपल्या बँकेने दर दिला ९९.५०, खात्यात जमा झाले १३,९०,५१२ रुपये ५० पैसे.

चूक ओळखायची ती या ओळीवर. कारकून रुपयांचा आकडा टाकतो, समोर १४,००० युरोंचे येणे जुळवतो आणि ईआरपी दर काढून देते ९९.३२. बँकेच्या कागदावर ९९.५०, पडद्यावर ९९.३२, म्हणजे कापलेले युरो दरात लपले. योग्य नोंद अशी की १४,००० युरो ९९.५० ने मिळाले, त्यातले २५ युरो म्हणजे २,४८७ रुपये ५० पैसे बँक खर्च, आणि १०१ वरून ९९.५० वर येताना २१,००० विनिमय तोटा. मार्चमधला १४,००० चा कागदी नफा वजा केला की खरा तोटा ७,००० उरतो. दुसरा प्रकार याच्या उलट. तिथे कारकून १३,९७५ युरोच जमा करतो आणि ते २५ युरो ग्राहकाच्या नावावर वर्षानुवर्षे येणे म्हणून लोंबकळत राहतात.

पैसे खात्यात आले म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लेखी निर्यात संपत नाही. कस्टमकडून प्रत्येक शिपिंग बिल तिच्या ईडीपीएमएस या प्रणालीत जाते आणि त्यासमोर परकीय चलन आल्याची नोंद आपल्या बँकेला करावी लागते. मुदत पूर्वी नऊ महिन्यांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पंधरा महिने झाली. आपल्याकडे पैसे दोनदा आले, एकदा जानेवारीत अॅडव्हान्स म्हणून `P0103` या हेतू-कोडखाली आणि एकदा एप्रिलमध्ये. एप्रिलची रक्कम ताजी असते, ती बँकेत जोडली जाते. जानेवारीत माल निघालेलाच नव्हता, त्यामुळे त्या रकमेला जोडायला शिपिंग बिलच नव्हते, आणि पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. मग वर्षभराने बँकेचे पत्र येते की वीस हजारांपैकी सहा हजार युरो आलेच नाहीत. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असते की ते आले, पण कोणत्या संदर्भ क्रमांकाने, हे शोधायला अख्खा दिवस जातो.

यासाठी ईआरपीच्या इन्व्हॉइसवर चार जागा जास्तीच्या करून घ्याव्या लागतात. त्या म्हणजे शिपिंग बिलाचा क्रमांक व तारीख, बंदराचा कोड (न्हावा शेवासाठी `INNSA1`), बँकेने दिलेला प्रत्येक रकमेचा आवक संदेश क्रमांक, आणि डीजीएफटीच्या पोर्टलवर आपणच तयार करायच्या ई-बीआरसीचा क्रमांक. पहिल्या दोन गोष्टी जीएसटीच्या विवरणातही लागतात. बहुतेक छोट्या कारखान्यांची ईआरपी कस्टमशी वा बँकेशी जोडलेली नसते, म्हणून हे हाताने भरावे लागते आणि भरणारा नेमून ठेवावा लागतो. आपल्या इन्व्हॉइससमोर आवक संदेश क्रमांक दोन हवेत, ६,००० चा आणि १४,००० चा. कापलेले २५ युरो हा परदेशी बँकेचा खर्च आहे, खरेदीदाराने कमी दिलेली रक्कम नव्हे, हेही बँकेला कळवायचे असते. मग लेजरमध्ये शून्य येते आणि शिपिंग बिल बंद होते. तोवर खरेदीदाराची पुढची ऑर्डर आलेली असते, या वेळी सहाशे नगांची, आणि प्रोफॉर्मा छापायला घेतलेला असतो.