जिन्यातला कुलर आणि अग्निसुरक्षेची नोटीस

अग्निसुरक्षा तपासणी होणार आहे, जिने आणि आश्रयक्षेत्र मोकळे ठेवा, तपासणी अधिकाऱ्यांना सहकार्य करा, अशी नोटीस अपार्टमेंटच्या फलकावर लागली की आपल्याकडे ती बहुधा अर्धीच वाचली जाते. आश्रयक्षेत्र म्हणजे उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर मोकळी ठेवलेली, लोकांनी आगीच्या वेळी येऊन थांबायची जागा. साधारण 24 मीटरपेक्षा उंच इमारतींनाच ती लागते. बुलडाणा, खामगाव, मलकापूर, चिखली किंवा शेगावच्या बहुतेक इमारती तीन-चार मजली. त्यामुळे ही नोटीस मुंबईच्या टॉवरसाठी आहे, आपल्याला तिचं काय, असं वाचणाऱ्याला वाटतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. टॉवरमध्ये दुसरा जिना असतो, आश्रयक्षेत्र असतं, दाबाने पाणी देणारे पंप असतात. आपल्या चार मजल्यांना बहुतेक ठिकाणी एकच जिना आहे आणि त्याच्या टोकाला गच्ची. तोच जिना, तेच आश्रयक्षेत्र आणि बंबाच्या जवानांना वर चढायची वाटही तीच. म्हणून या नोटिशीतलं जिन्याविषयीचं वाक्य छोट्या इमारतीला जास्त लागू पडतं.

धोका नेमका कुठे आहे ते पाहायचं तर जिन्याच्या तळाशी जावं लागेल. आपल्याकडच्या अनेक इमारतींत सगळ्या घरांचे वीजमीटर जिन्याखाली किंवा त्याच्या तोंडाशी एका पाटीवर बसवलेले असतात. शेजारी दुचाकी उभ्या राहतात आणि त्यांच्या टाक्यांत पेट्रोल असतं. अलीकडे तिथेच विजेच्या स्कूटरचं चार्जिंगही लावलेलं दिसतं. हिवाळा आला की घराघरांतले कुलर त्यांच्या वाळक्या गवताच्या पॅडसकट जिन्याच्या वळणावर येऊन बसतात आणि त्यांच्या मागे रद्दी, जुन्या गाद्या, चपलांचे रॅक. मीटरच्या पाटीत सैल जोडणी तापली, ठिणगी पडली, तर जळायला लागणारं सगळं तिथे हाताशी असतं. वरून जिना ही उभी पोकळी, त्यामुळे गरम धूर तिच्यातून चिमणीसारखा वर खेचला जातो. आग तळमजल्यावर असतानाच चौथ्या मजल्याच्या दारात धूर पोहोचलेला असतो. गादीतला फोम आणि चपलांचं रबर जळताना निघणारा काळा धूर माणसाला ज्वाळा जवळ येण्याआधीच बेशुद्ध करू शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू तर वासानेही कळत नाही.

मुंबईत गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीत 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे हेच घडलं. तळाशी, पार्किंगमध्ये ठेवलेल्या चिंध्यांच्या ढिगाने आणि वाहनांनी पेट घेतला, धूर वर चढला आणि झोपेतल्या रहिवाशांपैकी किमान सात जणांचा जीव गेला. अनेक मजल्यांवरून आणि गच्चीवरून जवानांना लोकांना खाली आणावं लागलं. ही इमारत काही टॉवर नव्हती, आपल्याकडच्या मोठ्या अपार्टमेंटपेक्षा दोन-तीन मजलेच उंच. बाहेर पडायची वाट बंद झाली की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने त्याच्या तीन महिने आधीच पाहिलं होतं. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली आणि पेटली. दार जमिनीखाली दबलं. काच फोडून जे बाहेर पडू शकले ते वाचले, 25 जण आतच गेले. बस आणि इमारत यांत फरक आहेच, पण एकमेव दार अडलं तर हाती उरणारा वेळ किती थोडा असतो, हे तिथेही दिसलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, जिना रुंद आहे, एका चपलांच्या रॅकने काय अडतं? हिशेब करून पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2005 च्या आवृत्तीत बाहेर पडण्याच्या वाटेचं माप 50 सेंटिमीटरच्या पट्ट्यांत धरलं होतं. एक पट्टा म्हणजे माणसांची एक रांग, 25 सेंटिमीटर उरले तर अर्धा पट्टा आणि त्याहून कमी उरलं तर शून्य. समजा आपला जिना 120 सेंटिमीटरचा आहे. म्हणजे दोन पट्टे: एका रांगेने रहिवासी उतरतील, दुसरीने जवान होजपाइप घेऊन चढतील. भिंतीला 30 सेंटिमीटरचा रॅक लागला की 90 उरतात, म्हणजे दीड पट्टा, आणि दुसरी रांग तिथेच मोडते. सायकल टेकवली तर 60 च्या आसपास उरतात. आता एकच रांग. उतरणारे थांबतील किंवा चढणारे थांबतील. दिवसा, उजेडात ही अडचण कळत नाही, कारण आपण तिथून एकेकटे जातो. आगीच्या वेळी वीज गेलेली असते, धुरामुळे लोक वाकून चालत असतात, कुणाच्या कडेवर मूल असतं, आणि त्या अंधारात वळणावरचा कुलर पायात येतो. एक माणूस पडला की मागची रांग त्याच्यावर येते.

दुसरा आक्षेप गच्चीच्या कुलुपाचा आहे आणि त्यात तथ्य आहे. चोरीची भीती खरी, टाक्यांजवळ लहान मुलं जातात ही काळजीही खरी. पण किल्ली एकाच घरात आणि ते घर गावाला गेलेलं, ही व्यवस्था चालणार नाही. खाली धूर भरला असेल आणि जिना ओलांडता येत नसेल, तर वरच्या मजल्यावरच्यांना गच्चीचाच आधार उरतो, आणि दार उघडं असलं तर जिन्यातला धूरही वरून निघून जातो. बाहेरून अडकून राहणार नाही आणि आतून किल्लीशिवाय सरकवता येईल अशी कडी बसवली की दोन्ही गरजा भागतात. जिन्यातच धूर दाट असेल तर मात्र वर-खाली कुठेही धावू नये. घराचं दार लावून फटीत ओलं कापड कोंबावं आणि रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहून हाका माराव्या.

तिसरा आक्षेप जास्त बोचरा: तपासणी म्हणजे कागद, माणसं येतात, सही करतात, जातात. हा अनुभव अनेक ठिकाणचा असेल, पण त्यावर इलाज रहिवाशांच्याच हाती आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 साली झाला आणि 2008 च्या डिसेंबरात लागू झाला. त्याने जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे, त्यामुळे आमची सोसायटी नोंदणीकृत नाही, आम्ही नुसते अपार्टमेंटवाले, ही सबब पुरत नाही. ज्या इमारतींना यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. अधिकारी तीन तासांची सूचना देऊन सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात आत येऊन पाहू शकतो, आणि तातडीची गरज असेल तर केव्हाही. ते आले की रहिवाशांनी सोबत फिरावं. वरच्या मजल्यावरचा होजरील उघडून दाखवा म्हणावं, कारण खालच्या मजल्यावर पाणी जोरात येतं आणि वर नुसती धार पडते, हे दोष कागदावर दिसत नाहीत. अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, मीटरच्या पाटीवर जळकट डाग किंवा वितळलेलं वेष्टन आहे का, हे तर आपल्यालाही बघता येतं.

म्हणून नोटीस लिहिणाऱ्या सचिवांना एक विनंती. ‘सहकार्य करावे’ एवढ्यावर थांबू नका. तपासणीची तारीख आणि वेळ, जिन्यातल्या वस्तू कोणत्या दिवसापर्यंत हलवायच्या, कुलर आणि गाद्यांसाठी इमारतीत दुसरी कोणती जागा ठरवली आहे, मीटरच्या पाटीभोवती दुचाकी कुठपर्यंत लावायच्या याची रंगवलेली रेघ, गच्चीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे सगळं त्यात असू द्या. आणि तपासणी झाल्यावर आठ दिवसांनी पुन्हा एकदा जिना चढून बघा, तेव्हा कुलर परत आलेले असतील तर त्याच दिवशी उचलून घ्यायला सांगा.